आकडा वाढतो, डोळा तोच

औसा येथील एका भुसार दुकानात महिन्याच्या मध्यावर नेहमीचा एक प्रसंग घडला. खरेदीच्या बिलांची छायाचित्रे लातूरच्या कर सल्लागाराकडे व्हॉट्सॲपने गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. पुरवठादाराने भरलेल्या विवरणाशी बिले जुळवताना एका बिलाच्या क्रमांकातील आकडा तीन आहे की आठ, हे त्याला ओळखता येत नव्हते. मूळ बिल शोधण्यात अर्धा दिवस गेला. लातूरच्या महाविद्यालयात शिकणारा दुकानदाराचा मुलगा सुट्टीसाठी घरी आला होता. त्याने तत्काळ निदान केले. "पप्पा, हा फोन १२ मेगापिक्सेलचा आहे. आता २०० मेगापिक्सेलचे आलेत. नवा घेऊ, म्हणजे बिले स्वच्छ दिसतील."

दुकानदाराने आयुष्यभर माल तोलून घेतला होता. त्याने एवढेच विचारले, "दोनशे कशाचे? आणि त्यांतले आपल्या कामाला किती लागतात?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासारखे आहे. कारण या एका आकड्यापायी घरोघरी दर दोन-तीन वर्षांनी फोन बदलला जातो.

मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. कॅमेऱ्याच्या भिंगामागे नखाएवढी एक काचेसारखी चकती असते, तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर प्रकाश मोजणारे सूक्ष्म खण ओळीने मांडलेले असतात आणि प्रत्येक खण चित्रातील एका बिंदूची नोंद करतो. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. त्यात १०० गुणिले १००, म्हणजे अवघे दहा हजार बिंदू होते. २००३ च्या सुमारास आपल्याकडे गाजलेल्या नोकिया ६६०० या फोनच्या कॅमेऱ्यात बिंदूंची संख्या सुमारे तीन लाख होती. त्या फोनने काढलेले लग्नातले छायाचित्र खरोखरच अंधूक येई. तेव्हा आकडा वाढणे ही गरज होती आणि प्रत्येक वाढ डोळ्यांना जाणवत होती. पुढे ५ मेगापिक्सेल आले. २०१२ मध्ये नोकियाच्याच एका फोनवर ४१ हा आकडा झळकला, २०१९ च्या अखेरीस १०८ आणि २०२२ मध्ये २००. दहा हजारांपासून वीस कोटींपर्यंतचा हा प्रवास सत्तेचाळीस वर्षांत झाला.

ही झाली आवक. खप किती आहे, तेही पाहिले पाहिजे.

छायाचित्र अखेर माणसाच्या डोळ्यांसाठी असते आणि डोळ्यांची मर्यादा ठरलेली आहे. चांगली दृष्टी असलेला माणूस हातात धरलेला कागद वीत-सव्वावीत अंतरावरून पाहतो, तेव्हा एका मिलिमीटरात साधारण चौदा बिंदू वेगवेगळे ओळखू शकतो. त्याहून बारीक बिंदू काढले तर ते एकमेकांत मिसळून जातात. उत्तम छपाई एका इंचात ३०० बिंदूंची मानली जाते, तिचे मूळ डोळ्याच्या याच मर्यादेत आहे. घरातल्या अल्बममध्ये लावतात ते सहा इंच बाय चार इंचांचे छायाचित्र घेतले, तर लांबीत १८०० आणि रुंदीत १२०० बिंदू पुरतात. गुणाकार होतो २१ लाख ६० हजार. म्हणजे दोन मेगापिक्सेलहून किंचित अधिक. बैठकीच्या खोलीतील फुल एचडी दूरदर्शन संचाच्या पडद्यावर एकूण बिंदूच २१ लाखांच्या आत असतात. नव्या फोर-के संचावर ८३ लाख. हातातील फोनच्या पडद्यावर बहुधा २५ लाखांच्या आसपास. वीस कोटी बिंदूंचे चित्र फोनवर उघडले, तरी दिसताना ते पंचवीस लाखांतच दिसते. बाकीचे फोन स्वतःच गाळून टाकतो.

कोणी म्हणेल, अल्बमचे ठीक आहे, पण चौकातल्या मोठ्या फलकाचे काय? वाढदिवसाचे आणि उद्घाटनाचे फ्लेक्स आता तालुक्याच्या गावातही लागतात. तेथे गंमत अशी की, फलक मोठा असला तरी पाहणारा दूर उभा असतो. पंधरा फुटांवरून पाहताना सव्वा-दीड मिलिमीटरपेक्षा लहान ठिपका डोळ्याला वेगळा दिसत नाही. दहा फूट बाय सहा फुटांच्या फलकाला त्या हिशोबाने लांबीत सुमारे २३०० आणि रुंदीत सुमारे १४०० बिंदू पुरे होतात. गुणाकार ३२ लाखांचा. माणूस जवळ जाऊन पाहील असे धरून दुप्पट-तिप्पट मोकळीक ठेवली, तरी एका कोटीच्या आतच काम भागते. वस्तू मोठी झाली की पाहणारा मागे सरकतो, म्हणून गरज फारशी वाढत नाही. ती डोळ्याशी बांधलेली आहे आणि आजोबांचा डोळा व नातवाचा डोळा यांची घडण एकच आहे.

मग २०० मेगापिक्सेलचा फोन इतके बिंदू करतो तरी काय? फारच थोड्यांच्या लक्षात येते की, असा फोन नेहमीच्या वापरात २०० मेगापिक्सेलचे चित्र काढतच नाही. २०२३ च्या आरंभी आलेल्या सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस-२३ अल्ट्रा या महागड्या फोनमध्ये शेजारच्या सोळा-सोळा खणांची बेरीज करून एक बिंदू बनवला जातो आणि हाती येते ते १२ मेगापिक्सेलचे चित्र. पूर्ण वीस कोटींचे चित्र हवे असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन ते मुद्दाम निवडावे लागते. नोकियाचा तो ४१ मेगापिक्सेलचा फोनही आपण होऊन ५ मेगापिक्सेलचेच चित्र देत असे. खोक्यावर एक आकडा आणि हातात दुसरा, ही रीत तशी जुनीच आहे.

यात फसवणूक आहे असे सरळ म्हणता येणार नाही, कारण बेरीज करण्यामागे भौतिकशास्त्राची सक्ती आहे. चकतीचा आकार जवळपास तोच ठेवून खण वाढवायचे, तर प्रत्येक खण बारीक करावा लागतो. या फोनमधील एका खणाची रुंदी ०.६ मायक्रॉन आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सोळा खण मिळून २.४ मायक्रॉन रुंदीचा एक मोठा खण होतो. पावसात परातीऐवजी सोळा वाट्या ठेवल्या, तर पाणी एकूण तेवढेच मिळते, मात्र प्रत्येक वाटीत थोडे थोडे. प्रकाशाचेही तसेच आहे. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली एकेका बारीक खणात इतका कमी प्रकाश पडतो की, नोंदीत खोटे ठिपके मिसळतात आणि चित्र रवाळ दिसू लागते. सोळांची बेरीज केली की तो रवा पुष्कळसा निवळतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. तिच्यावर कोणत्याही कारखान्याचा इलाज चालत नाही. भिंग कितीही निर्दोष असले, तरी प्रकाशाचा किरण टोकदार बिंदूवर एकवटत नाही, त्याचा लहानसा गोल ठिपका पडतो. प्रकाश ही लहर असल्यामुळे हे घडते. फोनच्या चांगल्या भिंगातून हिरव्या प्रकाशाचा असा ठिपका सुमारे सव्वादोन मायक्रॉन व्यासाचा पडतो. खण ०.६ मायक्रॉनचे. म्हणजे भिंगाने दिलेला सर्वांत बारीक ठिपकाच तीन-चार खणांच्या रुंदीवर पसरतो. खण आणखी बारीक केले, तर त्याच ठिपक्याचे अधिक तुकडे मोजले जातील. नवा तपशील फारसा हाती लागणार नाही. पोत्यांचा काटा ग्रॅमपर्यंतचे आकडे दाखवू लागला, म्हणून पोत्याचे वजन ग्रॅमपर्यंत खरे ठरत नाही, हे भुसार बाजारात कोणाला सांगावे लागत नाही.

रंगाचाही प्रश्न आहे. सेन्सरचा खण स्वतः रंग ओळखत नाही, त्याच्यावर लाल, हिरवे किंवा निळे आवरण असते. अशा दाट सेन्सरांत सोळा शेजारी खणांवर मिळून एकाच रंगाचे आवरण घातलेले असते. त्यामुळे रंगापुरती खरी नोंद सव्वा कोटींच्या घरातच राहते. पूर्ण वीस कोटींच्या चित्रात मधला रंग आजूबाजूच्या खणांवरून अंदाजाने भरला जातो.

याचा अर्थ मोठा आकडा सर्वस्वी निरुपयोगी आहे असा नव्हे. भर दुपारच्या उन्हात औशाच्या किल्ल्याचा दूरचा बुरूज टिपला, हात स्थिर राहिला आणि नंतर त्या चित्राचा लहानसा कोपरा कापून मोठा करायचा असेल, तर जास्त बिंदूंचे चित्र सरस ठरते. ऊन भरपूर, वस्तू स्थिर आणि काप लहान, या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणजे तो आकडा आपली किंमत वसूल करतो. घरातला समारंभ, रात्रीची वरात किंवा धावणारे मूल टिपताना यातली एकही सहसा जुळत नाही. आणि पूर्ण आकाराचे ते एक चित्र नेहमीच्या चित्राच्या कित्येक पट जागा व्यापते, हा भाडेखर्च वेगळाच.

आता दुकानातील बिलाकडे वळू.

बिलाचा कागद ए-फोर आकाराचा होता. त्याची लांबी २९७ मिलिमीटर असते. बिलक्रमांकाचे इंग्रजी आकडे साधारण दोन मिलिमीटर उंचीचे होते. दुकानातल्या जुन्या १२ मेगापिक्सेलच्या फोनने काढलेल्या चित्राची लांब बाजू ४००० बिंदूंची. कागदाने चित्राची चौकट लांबीत पूर्ण भरली असती, तर एका मिलिमीटरात साडेतेरा बिंदू आणि एका आकड्याच्या उंचीत सत्तावीस बिंदू आले असते. तीन आणि आठ यांतील फरक डाव्या बाजूच्या दोन लहान फटींचा. सत्तावीस बिंदूंत त्या फटी मोकळ्या दिसल्या असत्या.

प्रत्यक्षात घडले ते असे. छायाचित्र घाईत, उभ्याउभ्या काढलेले होते. गल्ल्याची फळी, वही आणि चहाचा पेला हे सारे चौकटीत आले होते आणि बिलाने जेमतेम अर्धी लांबी व्यापली होती. पुढे ते व्हॉट्सॲपने नेहमीच्या पद्धतीने पाठवले गेले. चित्र लवकर पोचावे म्हणून ही सेवा ते आखडून पाठवते आणि तेव्हा लांब बाजू सुमारे १६०० बिंदूंवर येते. त्यातील अर्धी, म्हणजे ८०० बिंदू, बिलाच्या वाट्याला आली. ८०० ला २९७ ने भागले की एका मिलिमीटरात पावणेतीनपेक्षा थोडे कमी. आकड्याच्या उंचीत पाच बिंदू. पाच बिंदूंत आठाचा गाभा आणि तीनाची फट एकाच राखाडी डागात मिटून जातात. सल्लागाराची नजर कमी पडली नव्हती. त्याला ओळखता येईल असे काही त्या चित्रात उरलेच नव्हते.

हेच बिल तशाच घाईने २०० मेगापिक्सेलच्या फोनने टिपले असते तर? फोनमध्ये एका आकड्याला कदाचित पन्नासहून अधिक बिंदू मिळाले असते. पण वाटेत तीच १६०० ची मोरी होती आणि पलीकडे पोचले असते ते पुन्हा पाचच बिंदू. नव्या फोनच्या किमतीतील एक रुपयाही लातूरपर्यंत पोचला नसता.

उलट एक बाजू अशी की, मोठ्या सेन्सरचे महागडे फोन कागद टिपताना कधीकधी मागे पडतात. त्यांचे मुख्य भिंग फार जवळच्या वस्तूवर स्थिरावत नाही आणि जवळून टिपल्यास कागदाचा मध्य स्पष्ट व कडा पुसट येतात. बिलाचा क्रमांक बहुधा कडेलाच असतो. तेथे फोन थोडा वर उचलून दुप्पट झूम केले, तर कडा सुधारतात. स्वस्त फोनचे दुखणे निराळे. खोक्यावर ५०, २ आणि २ असे तीन कॅमेरे लिहिलेले असतात. त्यांतील दोन-दोन मेगापिक्सेलचे कॅमेरे क्वचितच उपयोगी पडतात. तीन हा आकडा भरावा म्हणून ते बसवलेले दिसतात. धान्याच्या वजनात बारदान मिळवून सांगण्यातला हा प्रकार आहे.

दुकानदाराने त्या संध्याकाळी मुलाला सोबत घेऊन एक साधा प्रयोग केला. मुलाच्या मित्राकडे १०८ मेगापिक्सेलचा फोन होता, तो मागवून घेतला. प्रथम दोन्ही फोनची भिंगे मऊ सुती कापडाने पुसली. जुन्या फोनच्या भिंगावर तेलकट बोटांचा आणि डाळीच्या पिठाचा थर बसला होता. असा थर असला की दिव्याभोवती धुरकट वलय दिसते, हीच त्याची खूण. मग बिल फळीवर सपाट ठेवले. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमुळे फोनचीच सावली कागदावर पडत होती, म्हणून कागद दाराजवळच्या उजेडात नेला. फोन कागदाला समांतर धरून चारही कडा चौकटीत जेमतेम बसतील इतके जवळ आणले, क्रमांकावर बोट ठेवून तेथे स्पष्टता आणली, दोन्ही कोपरे फळीवर टेकून हात स्थिर केले आणि चित्र काढले. दुसऱ्या फोननेही तसेच. नंतर दोन्ही चित्रे लातूरला दोनदा पाठवली, एकदा नेहमीच्या पद्धतीने आणि एकदा 'डॉक्युमेंट' म्हणून. अशा रीतीने पाठवलेले चित्र आखडले जात नाही, जसेच्या तसे पोचते. २०२३ पासून त्या सेवेत एचडी असाही पर्याय आला आहे आणि साध्या बिलांना तोही पुरतो.

कर सल्लागाराचा निरोप रात्री आला. नेहमीच्या पद्धतीने आलेल्या दोन्ही चित्रांत क्रमांक वाचता येत होता, कारण आता एका आकड्याला पाचाऐवजी दहा-अकरा बिंदू मिळाले होते. डॉक्युमेंट म्हणून आलेली दोन्ही चित्रे निखळ स्पष्ट होती. कोणते कोणत्या फोनचे, हे मात्र त्याला सांगता आले नाही. बिलावरचा आकडा आठ होता.

मुलाची थोडी निराशा झाली. त्याने खरा मुद्दा मांडला. फोन नवे झाले की छायाचित्रे चांगली येतात, हा सर्वांचा अनुभव आहे, तो खोटा कसा म्हणावा? तो खोटा नाहीच. दहा वर्षांपूर्वीच्या फोनपेक्षा आजचा फोन रात्रीच्या समारंभात पुष्कळ सरस ठरतो. त्याची कारणे वेगळी आहेत. आजचा फोन एका क्षणात अनेक चित्रे टिपतो आणि ती एकावर एक जुळवून त्यांतून एक स्वच्छ चित्र तयार करतो. काही फोनमध्ये भिंग सूक्ष्म हालचाल करून हाताची थरथर भरून काढते. सेन्सरची चकतीही पूर्वीपेक्षा मोठी झाली आहे. पण या सुधारणा एका ठसठशीत आकड्यात बसत नाहीत. चकतीचा आकार तर एक छेद एक पूर्णांक तीन इंच अशा चमत्कारिक अपूर्णांकात लिहितात. तो जुन्या काळच्या कॅमेऱ्यातील नळ्यांच्या मापावरून आलेला आहे आणि चकतीच्या खऱ्या लांबी-रुंदीशी जुळत नाही. १ छेद १.३ हे १ छेद २ पेक्षा मोठे, हे गिऱ्हाइकाला समजावण्यापेक्षा १०८ पेक्षा २०० मोठे हे सांगणे विक्रेत्याला सोपे जाते. म्हणून खोक्यावर तोच आकडा ठळक छापला जातो. ॲपलने २०१५ पासून २०२१ पर्यंत आपल्या आयफोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा आकडा १२ वरच ठेवला होता आणि त्या सात वर्षांत त्या फोनची छायाचित्रे सतत सुधारत गेली, एवढे उदाहरण या संदर्भात पुरेसे बोलके आहे.

घरातल्या खरेदीसाठी त्या दुकानदाराने जी परीक्षा ठरवली, ती त्याच्या धंद्याला शोभणारी होती. फोन घेण्यापूर्वी दुकानात उन्हातली चित्रे पाहायची नाहीत, ती सगळ्याच फोनची चांगली येतात. आत, उजेड मंद असेल तेथे उभे राहून एक छापील कागद आणि एक हलता माणूस, अशी दोन चित्रे काढायची. कागदाचे चित्र मोठे करून चारही कोपरे पाहायचे. माणसाच्या चित्रात बोटे फरकटली आहेत का ते पाहायचे. मग ती दोन्ही चित्रे आपल्याच दुसऱ्या फोनवर पाठवून तेथे पुन्हा पाहायची. वाणगी बघून माल घ्यायचा, पोत्यावरचा शिक्का बघून नव्हे, असे तो मुलाला म्हणाला.

जुन्या फोनची बॅटरी मात्र खरोखर दमली होती आणि दुपारी तीनलाच तो बंद पडत असे. ती बदलून घेतली. गल्ल्याजवळ दाराच्या बाजूला बिले टिपण्यासाठी एक रिकामी जागा ठेवली आणि खिळ्याला भिंग पुसायचे कापड टांगले. त्या महिन्याची उरलेली बिले मुलानेच लातूरला पाठवली.